कढईतली शेवटची दोन मिनिटं

[दृश्य: लोखंडी कढई, तेलात सोडलेल्या बटाट्याच्या फोडी, अगदी जवळून. तळणाचा आवाज.]

हे बुडबुडे नीट पाहा. फोडी तेलात सोडल्या की असा फेस उसळतो. ही बटाट्यातल्या पाण्याची वाफ आहे. तेल 170 अंशांवर तापलेलं असलं, तरी पाणी असं बाहेर पडतंय तोवर फोडीची बाजू 100 अंशांच्या आसपासच राहते. फोड शिजते, पण पांढरीच राहते. मग आवाज उतरतो, बुडबुडे विरळ होतात, कडा कोरड्या पडतात. आपल्याला बघायची आहेत ती इथून पुढची दोन मिनिटं.

पाणी सरलं की कोरडी पडलेली कड 120 अंशांच्या वर जाते. बटाट्यात ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरांशी संयोग पावतं. खमंग वास आणि लालसर रंग येतो तो याच प्रकारच्या क्रियांमधून, आणि त्यांतच ॲक्रिलामाइड नावाचं अपायकारक रसायनही तयार होतं. उकडलेल्या बटाट्यात ते जवळपास नसतंच, कारण तिथे पाणी संपत नाही.

[दृश्य: डोंगर, बोगद्याचं तोंड, गवतात चरणाऱ्या गाई.]

हे कळलं कसं, ते सांगायलाच हवं. दक्षिण स्वीडनमध्ये हालांड्सोस डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणत होते. 1997 मध्ये गळती बुजवायला वापरलेल्या रसायनातून ॲक्रिलामाइड पाण्यात उतरलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांचं रक्त तपासलं, आणि तुलनेसाठी बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांचंही. त्यांच्याही रक्तात ॲक्रिलामाइडच्या खुणा निघाल्या. मग हे येतंय कुठून? माग काढता काढता संशोधक तळलेल्या-भाजलेल्या अन्नापर्यंत पोहोचले, आणि एप्रिल 2002 मध्ये ही बातमी जगाला कळली.

जनावरांना मोठ्या मात्रेत दिल्यावर ॲक्रिलामाइडने कर्करोग होतो, हे पक्कं आहे. आहारातून माणसांना किती अपाय होतो, याबद्दलच्या पाहण्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून एखाद्या दिवशीच्या काचऱ्यांनी धास्तावू नका. घरात आठवड्यातून दोनदा तळण होत असेल, मुलं रोज वेफर खात असतील, तर रंगाकडे लक्ष द्या.

[दृश्य: दोन ताटल्या शेजारी शेजारी. एकीत पिवळसर फोडी, दुसरीत तपकिरी.]

या दोन्ही ताटल्यांतला बटाटा एकाच पोत्यातला. तेल तेच, वेळही तीच. फरक इतकाच, की उजवीकडचे बटाटे दोन आठवडे फ्रिजमध्ये होते. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. कच्ची फोड चाखली तर गोडसर लागते. अशा बटाट्याचा रंग आत शिजायच्या आधीच चढतो. आपण ‘छान लाल झालंय’ म्हणून खूश होतो, पण बटाट्यात ॲक्रिलामाइड किती होणार ते मुख्यतः या साखरेवरच ठरतं. वेफरसाठी कुफ्री चिपसोनासारखी कमी साखरेची वाणं भारतात मुद्दाम काढली, ती वेफरचा रंग फिकट राहावा म्हणून.

गोड झालेला बटाटा हाती आला तर तो उकडून भाजीला वापरा. तळायचाच असेल तर फोडी अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी फेकून द्या आणि फोडी फडक्यावर कोरड्या करा. पाणी पांढरट होतं ते स्टार्चमुळे. साखर डोळ्यांना दिसत नाही, पण थोडी तीही निघून जाते. सगळी नाही. म्हणून शेवटी भिस्त डोळ्यांवरच. तेल 175 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि रंग घासलेल्या पितळेचा झाला की फोडी काढा. तांब्याकडे झुकू देऊ नका. बाहेर काढल्यावरही फोड गरमच असते, रंग आणखी थोडा चढतो. म्हणून झारा जरा आधीच घाला.

[दृश्य: तव्यावर पावाची स्लाइस.]

पावाचं थोडं वेगळं आहे. गव्हाच्या पिठात साखरेपेक्षा ॲस्पॅराजिनच अपुरं पडतं, आणि यीस्ट आंबवताना तेही खातं. म्हणून सावकाश फुगवलेल्या पावात ॲक्रिलामाइड कमी होतं. जे होतं ते बहुतेक वरच्या कवचात, कारण आतला गर ओला असतो. टोस्ट करताना मात्र तोही कोरडा पडतो. स्लाइस गव्हाच्या काडीच्या रंगाची झाली की पुरे. कड काळी पडलीच तर सुरीने खरवडून टाका. बरंचसं ॲक्रिलामाइड त्या पापुद्र्यातच असतं.

[दृश्य: पुन्हा कढई.]

ऐका, आवाज उतरला. बुडबुडे विरळ झाले. कडा पिवळ्या, मधला भाग अजून फिकट. आता झारा घाला.