स्लिप, रिलॅप्स आणि मधले दोन दिवस

दारू सोडलेला माणूस एखाद्या दिवशी पितो, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो, "किती प्यायलास?" आम्ही समुपदेशनात आधी वेगळाच प्रश्न विचारतो: प्यायल्यानंतर पुढचे दोन दिवस काय केलं? एकदा पिणं ही स्लिप. पिण्याची जुनी घडी परत बसणं, म्हणजे रोजचा क्वार्टर, बाटली लपवणं, सकाळी हात स्थिर व्हावा म्हणून घोट घेणं, दारू सोडलेल्यांच्या गटाची मीटिंग आणि गोळ्या बंद, हा रिलॅप्स. स्लिपचं रिलॅप्समध्ये रूपांतर बहुधा या मधल्या दिवसांत होतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ सात महिने दारूपासून दूर आहेत. शनिवारी भाच्याची हळद. दिवसभर धावपळ, जेवण राहिलेलं, रात्री मंडपामागे चुलतभाऊ ग्लास पुढे करतो आणि ते साठ-साठ मिलीचे दोन पेग घेतात. रविवारी सकाळी बायको विचारते, ते "नाही" म्हणतात. दिवसभर डोक्यात एकच वाक्य: सात महिने पाण्यात गेले, मी सुधारणारच नाही. दुपारी क्वार्टर येतो, म्हणजे १८० मिली. सोमवारी कामावर दांडी. मंगळवारी मीटिंगला जात नाहीत, कारण तिथे कोणत्या तोंडाने जायचं?

शनिवारची दारू आणि रविवारची दारू यांची कारणं वेगळी आहेत. शनिवारी भूक, थकवा, आग्रह आणि समोरचा ग्लास होता. रविवारी मंडप नव्हता, चुलतभाऊही नव्हता. रविवारचा क्वार्टर शनिवारची शरम बोथट करायला घेतलेला आहे. वाईट वाटलं की पिऊन ते थांबवायचं, ही सवय वर्षानुवर्षं मुरलेली असते. त्यामुळे शरम स्वतःच पिण्याचं कारण बनते आणि पुढच्या प्रत्येक पेगाने ती वाढते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८०च्या दशकात ही प्रक्रिया नीट मांडली. त्यांचं म्हणणं असं, की पुढचं बरंचसं माणूस स्लिपचं कारण कुठे शोधतो यावर ठरतं. "मी मुळातच नालायक" हे कारण कायमचं आहे, त्यावर काही करता येत नाही, म्हणून हात-पाय गळतात. "मी उपाशी होतो आणि मंडपामागे गेलो" हे कारण एका प्रसंगापुरतं आहे, पुढच्या लग्नात ते बदलता येतं. म्हणूनच, "एकही थेंब नाही" हा निश्चय योग्य असला, तरी थेंब गेलाच तर काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर "मोडलंच आहे, मग पिऊ" हा विचार आयता मिळतो.

यात शरीराचाही वाटा आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. दारूचा अंमल उतरताना मज्जासंस्था काही तास जास्त उत्तेजित राहते: झोप तुटते, छाती धडधडते, मन बेचैन होतं. रविवारी सकाळी वाटणाऱ्या निराशेत हा अंमल उतरण्याचा भाग असतो. त्या सकाळी स्वतःबद्दल कोणताही निकाल लावू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

मग शनिवारी रात्री काय करायचं? ग्लास खाली ठेवून ती जागा सोडायची. एका ठरलेल्या माणसाला, म्हणजे स्पॉन्सरला, गटातल्या आधी दारू सोडलेल्या सोबत्याला, किंवा समुपदेशकाला, त्याच रात्री फोन करायचा आणि "मी प्यायलोय" एवढंच सांगायचं. पोटभर जेवून झोपायचं. सकाळी पिण्याआधीचे सहा तास कागदावर लिहायचे: कुठे होतो, कोण होतं, शेवटचं कधी खाल्लं, पहिल्यांदा विचार कधी आला. लिहिताना बहुतेकदा दिसतं की निर्णय ग्लासाच्या बराच आधी, मंडपामागे जाताना झाला होता. या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा तो फोन, कारण खोटं एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं, आणि ते सांभाळण्याचा ताण पुन्हा प्यायला लावतो.

घरच्यांनी त्या रात्री जाब विचारू नये, देवाची किंवा मुलांची शपथ घालू नये. शपथ मोडली की शरमेत भरच पडते. "उद्या सकाळी आपण दोघं सेंटरला जाऊ" एवढं पुरे.

याचा अर्थ स्लिप चालते असा नाही. व्यसन जडलेल्या मेंदूत दोन पेगही तल्लफ पुन्हा जागी करतात, म्हणून घाई करायची. दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर थोडी दारूही धोक्याची. चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठायचा. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. आणि पिणं अनेक दिवस रोज चाललं असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, झटके, भास असा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवायची.