चौघांचे शंभर

नमस्कार मुलांनो. कागद-पेन्सिल बाजूला ठेवा, आज नुसतं ऐकायचं आणि मनात हिशेब करायचा.

समजा, सहलीसाठी वर्गातल्या 37 मुलांनी प्रत्येकी 25 रुपये दिले. किती जमले? नेहमीसारखं गुणायला गेलात तर पाच साते पस्तीस, हातचे तीन, आणि ते हातचे लक्षात ठेवतानाच पुढचा आकडा निसटतो. म्हणून गुणूच नका. मुलांचे चार-चारचे गट पाडा, कारण चौघांचे पंचवीस-पंचवीस म्हणजे बरोबर शंभर.

आता 37 मध्ये चाराचे किती गट? चार नव्वे छत्तीस. म्हणजे नऊ गट, त्यांचे नऊशे रुपये. एक मूल उरलं, त्याचे पंचवीस. झाले 925. आणि हे उत्तर आपल्या मराठीत आधीच तयार आहे, सव्वानऊशे! एक उरला की सव्वा, दोन उरले की साडे, तीन उरले की पावणे. काहीच उरलं नाही तर नुसते शेकडे. तुमच्या पणजोबांच्या वेळच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाव, अर्धा, पाऊण यांचे ते पाढेच होते.

दोन ठिकाणी मुलं हमखास चुकतात. पहिली चूक, उरलेला एक तसाच शेवटी लावून 901 म्हणणं. उरला तो रुपया नाही, मूल आहे. त्याच्या खिशात पंचवीस रुपये आहेत.

दुसरी चूक पावणेची. 39 मुलं असती तर नऊ गट होऊन तीन मुलं उरली असती. नऊशे आणि पंचाहत्तर, म्हणजे 975. याला पावणेनऊशे म्हणायचं नाही हं, पावणेदहाशे! दहाशेला पाव शेकडा कमी आहे, म्हणून पुढच्या आकड्याचं नाव घ्यायचं.

उत्तर बरोबर आहे का, याची एक झटपट खूण सांगते. पूर्ण संख्येला 25 ने गुणलं की शेवटचे दोन अंक 00, 25, 50 किंवा 75 एवढेच येतात. दुसरं काही आलं तर कुठेतरी घसरलात. पण लक्षात ठेवा, ही युक्ती 25 चीच आहे. 24 किंवा 26 असेल तर चौघांचे शंभर होत नाहीत.

आता तुमची पाळी. 63 गुणिले 25. मी पाच म्हणेपर्यंत उत्तर हवं. एक... दोन... तीन... चार... पाच!

पंधरा गट, उरले तीन. पावणेसोळाशे, म्हणजे 1575.

आणि हे घरच्यांना घाला, बघू आधी कोण सांगतं: 86 गुणिले 25. उत्तर शेकड्यांत बोलायचं, साडे की सव्वा की पावणे, तेही सांगायचं!