कूलंट: तयार घ्यावं की कॉन्सन्ट्रेट?

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या मोटारसायकलला रेडिएटर आहे, त्यांच्यासाठी आजच्या चार गोष्टी. कूलंट दोन तऱ्हेचं मिळतं. एक तयार, पाणी घातलेलं, तसंच ओतायचं. दुसरं कॉन्सन्ट्रेट, त्यात बहुधा निम्मं पाणी घालायचं. पाणी बॅटरीत घालतो ते, डिस्टिल्ड. नळाचं नको, बोअरचं तर नकोच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर काय थर धरतो, ते घरोघरी माहीत आहे.

आमच्या भाच्यानं मे महिन्यात कूलंट बदललं. दुकानातून कॉन्सन्ट्रेट आणलं आणि डबीवरचं न वाचता नुसतंच ओतलं. घट्ट म्हणजे चांगलं, हा त्याचा हिशोब. तुळजापूरला जाताना हायवेवर गाडी ठीक चालली. गावात गर्दीत अडकली, तशी तापमानाची कांडी वर चढली आणि पंखा थांबेना. सात रस्त्याजवळचे आमचे मिस्त्री डबी बघूनच म्हणाले, “काय बे, पाणी कुठाय ह्यात?” कूलंटमधलं ग्लायकॉल उकळू देत नाही, गंजरोधक द्रव्यं गंज धरू देत नाहीत, पण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. नुसतं ग्लायकॉल दाट असतं, सावकाश फिरतं.

आता खरी गंमत ऐका. गाडी थंड झाल्यावर मिस्त्रींनी कूलंट मापाच्या भांड्यात काढलं. गाडीत बसतं एक लिटर, निघालं 700 मिली. म्हणजे 300 मिली इंजिनात तसंच राहिलं, तेही कॉन्सन्ट्रेट. भाचा म्हणाला, आता तयार कूलंट ओता. मिस्त्री म्हणाले, थांब. तयार 700 मिलीत निम्मं, म्हणजे 350 मिली ग्लायकॉल. आधीचं 300 मिळवलं की 650 झालं, अजून घट्टच. म्हणून त्यांनी 500 मिली डिस्टिल्ड पाणी आणि फक्त 200 मिली कॉन्सन्ट्रेट घातलं. आतलं 300 धरून बरोबर निम्मं-निम्मं. इंजिन चालू ठेवून हवा काढली आणि टाकीतली पातळी पुन्हा भरली.

लक्षात ठेवा, काढलं तरी सगळं निघत नाही. पाण्यानं धुतलं असेल, तर उलटं होतं: आत पाणी राहतं, मग तयार कूलंट पातळ पडतं. तेव्हा कॉन्सन्ट्रेटच हवं. धुतलं नसेल आणि जुनं नीट असेल, तर तयार बाटली आणा, उरलेलं वर घालायला ठेवा. तयार बाटलीत निम्मे पैसे पाण्याचे, हे मला पटत नाही, पण एका गाडीपुरतं तेच सोयीचं.

रंगावर जाऊ नका. हिरवं हिरव्याशी जुळेलच असं नाही. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी बदलायला सांगतात, पुस्तकात आपल्या गाडीचा आकडा बघा. गाडी फार फिरली नाही, तरी वर्षं मोजायचीच, कारण गंजरोधक द्रव्यं उभ्या गाडीतही कमी होतात. तापल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात.