अर्ज मालकांच्या मोबाइलवर उघडतो

(बेळगावच्या एका वाचनालयात बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

तुम्ही अर्ज लिहिता तेव्हा डोळ्यांसमोर एसीत बसलेला कुणी एचआर मॅनेजर असतो. उद्यमबागेतल्या चार लेथवाल्या वर्कशॉपमध्ये तो कुठून येणार? तिथे मेल उघडतात मालक, एका हातात चहाचा ग्लास धरून, मोबाइलवर. नाहीतर रात्री भांडी आवरल्यावर त्यांची सून, कारण बिलं तीच बघते.

माझे एक स्नेही आहेत, बाप-लेक मिळून धंदा करतात. माल अर्धा इथेच खपतो, अर्धा कोल्हापूरला जातो. अकाउंट्स असिस्टंट हवा म्हणून त्यांनी ओळखीत सांगितलं आणि मेल यायला लागले. मी आयुष्यभर हिशेबात बुडालेला माणूस, म्हणून मला बोलावलं. पहिला मेल, ‘आपल्या नामांकित आस्थापनेत’. दुसरा, ‘आपल्या नामांकित आस्थापनेत’. तिसऱ्यात नामांकित आस्थापना होतीच, पण नाव शेजारच्या गल्लीतल्या दुकानाचं! मालक म्हणाले, “अहो, नामांकित कसलं? वर पाटी लावायची म्हणून मी तीन वर्षं म्हणतोय.” एकाने तर मजकूरच लिहिला नव्हता, नुसती फाइल. तिचं नाव काय, तर ‘न्यू फायनल टू’. हसताय काय, तुमच्यातल्या निम्म्यांच्या मोबाइलमध्ये आत्ता तीच फाइल आहे.

मग खानापूरकडच्या एका मुलीचा मेल आला. त्यात एक वाक्य असं होतं: ‘आपला माल कोल्हापूरलाही जातो असे समजले, राज्यातले आणि राज्याबाहेरचे बिल वेगळे कसे करायचे ते मला येते.’ मालकांनी चष्मा वर केला. का, ते सांगतो. मुद्द्याला वेळ कमी पडेल, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

समजा 40,000 रुपयांचा माल, कर 18 टक्के, म्हणजे 7,200. गिऱ्हाईक खानापूरचं असेल तर त्याचे दोन भाग होतात, 3,600 सीजीएसटी आणि 3,600 एसजीएसटी. माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला पाठवला तर सगळे 7,200 आयजीएसटीत. एकूण रक्कम तीच, म्हणून चूक नजरेला येत नाही. आपल्याकडे तर गिऱ्हाइकाचं आडनाव तेच, भाषा तीच, गावं एकमेकांना लागून. ओळखायचं कसं? जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक बघायचे. 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. कोल्हापूरच्या बिलावर कुणी सवयीने सीजीएसटी-एसजीएसटी लावला, तर तिकडच्या व्यापाऱ्याला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो पुढच्या बिलाचे पैसे अडवतो. मग इकडे आयजीएसटी नव्याने भरा, आधीच्या कराचा परतावा मागा, महिनाभर सीएकडे खेपा घाला. मालकांनी हे भोगलं होतं. त्या मुलीने ते दुखणं बोलूनही दाखवलं नव्हतं, पण औषध लिहिलं होतं.

(मागून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. म्हणजे विषयाला आता सुरुवात करू.)

विषयाच्या ओळीत पद आणि स्वतःचं नाव, बास. मजकूर इतका असावा की बोटाने फार सरकवावं लागू नये. नमुना लिहून घ्या:

‘नमस्कार. आपल्याकडे अकाउंट्स असिस्टंट हवा आहे असे कळले, म्हणून अर्ज करत आहे. मी यंदा बी.कॉम. झाले. एका कर सल्लागारांकडे सहा महिने टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी केल्या आणि बँकेचे स्टेटमेंट वहीशी जुळवले. जीएसटी रिटर्नची माहिती तयार केली आहे, रिटर्न स्वतः भरलेले नाही. कन्नड बोलता येते, वाचायला थोडा वेळ लागतो. आपण सांगाल त्या वेळी भेटायला येईन. बायोडाटा सोबत जोडला आहे.’

खाली नाव, गाव, मोबाइल.

‘स्वतः भरलेले नाही’ हे खोडू नका. घरच्या धंद्यात गल्ला, चेकबुक, घरातली देणी-घेणी तुमच्यासमोर उघडी असणार. ‘जीएसटी एक्स्पर्ट’ लिहाल आणि पहिल्याच दिवशी 2बी उघडायला सांगितलं की तोंडं बघत बसाल. कन्नडची ओळही ठेवा, ट्रकवाला आणि हमाल फोनवर कन्नडच बोलणार. पगाराचा आकडा त्यांनी विचारल्याशिवाय नको. ‘काका’ म्हणायचं ते दुकानात भेटल्यावर, मेलमध्ये नाही. फाइल पीडीएफ करा, तिला स्वतःचं नाव द्या.

आणि महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास पाठवू नका. दरमहा रिटर्न भरणाऱ्याकडे 11ला जीएसटीआर-1 असतो आणि 20ला 3बी. त्या दिवसांत मालक सीएच्या फोनखेरीज कशालाच हात लावत नाहीत. पाच-सहा तारखेला सकाळी पाठवा, चार दिवस वाट बघा, मग एकदाच फोन करा, दुपारच्या जेवणाची वेळ टाळून.