कवडसे चेहऱ्यावर उतरवताना

(छायाचित्रकार आणि फोटो-एडिटिंग करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेले असतात, म्हणून त्याचा चेहरा दुसऱ्या फ्रेममधून आणून बसवायचा, हे काम तुम्ही सगळेच करता. चेहऱ्याचा आकार, मान किती वळली आहे, त्वचेचा रंग, हे जुळवायला आता फार वेळ लागत नाही. काम अडतं ते मूळ फोटो झाडाखाली काढलेला असतो आणि आणलेला चेहरा व्हरांड्यातल्या एकसारख्या उजेडातला असतो तेव्हा. अंगावर, शेजाऱ्यांवर, मागच्या भिंतीवर कवडसे सांडलेले असतात आणि मधोमध एक चेहरा कोरा. मग आपण काय करतो? पानांच्या सावलीचा एखादा तयार ब्रश शोधतो, मल्टिप्लाय मोडवर फिरवतो, थोडा ब्लर देतो. फोटो पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण त्या चेहऱ्यावर काहीतरी डाग पडलेत असं त्याला वाटतं.

याचं कारण असं, की आपण सावली रंगवतो. माझं म्हणणं आहे, सावली रंगवू नका, ऊन रंगवा. व्हरांड्यातल्या चेहऱ्याला ऊन लागलेलंच नाही. त्याच्यावर सगळीकडून येणारा मऊ उजेड आहे, आणि झाडाखालच्या सावलीतही साधारण तसाच उजेड असतो. म्हणजे तुमच्या हातात आलेला चेहरा सावलीतलाच आहे, फक्त जरा जास्त उजळ. आधी त्याला झाडाच्या सावलीइतका उतरवा आणि मग कवडसे पडले तिथेच ऊन चढवा. उलट्या बाजूने गेलात, तर उन्हाच्या जागी तो सपाट व्हरांडाच शिल्लक राहतो. खरं ऊन एका दिशेने येतं. ते कपाळाचा उंचवटा उजळतं आणि गालाच्या पलीकडच्या उताराला शिवतही नाही.

एक काम सांगतो. वास्तुशांतीचा फोटो, अंगणात आंब्याखाली उभं कुटुंब, सकाळचं ऊन. काकांचे डोळे मिटलेले. त्यांचा चांगला फोटो घरात शिरताना व्हरांड्यात काढलेला. मी सगळ्यात आधी काकांच्या मानेवर रंग मोजला. उन्हातल्या त्वचेचा आकडा लाल 214, हिरवा 168, निळा 138. दोन बोटं बाजूला, सावलीत, तोच 118, 102, 84. हे आकडे सरळ वजा करू नका, कारण फाइलमधला आकडा म्हणजे प्रकाशाचं खरं माप नव्हे. गॅमा काढून हिशेब केला तर लाल प्रकाश सुमारे पावणेचार पटींनी उतरलाय आणि निळा तीन पटींपेक्षाही थोडा कमी. उन्हाच्या वाटेत पान आलं तरी आकाशाचा निळसर उजेड येतच राहतो, आणि पानांतून गाळून आलेला हिरवा त्यात मिसळतो. म्हणून नुसती काळी सावली टाकली की त्वचा राखेसारखी दिसते.

हे माप मानेवरच घेतलं, कारण त्वचा तीच हवी. पांढऱ्या सदऱ्यावर मोजायचा मोह होतो, पण उन्हातला पांढरा सदरा बहुतेक वेळा जळून 255ला टेकलेला असतो आणि प्रमाण खोटं येतं.

पुढे दोन कर्व्ह्ज लेयर. पहिला पूर्ण चेहऱ्यावर, तिन्ही चॅनल वेगवेगळे ओढून गालाची त्वचा मानेच्या सावलीतल्या आकड्यांवर आणायची. या टप्प्यावर चेहरा मरगळलेला दिसतो, दिसू द्या. दुसऱ्या लेयरला मी सरळ ‘ऊन’ नाव देतो. तो सावलीचे आकडे उन्हाच्या आकड्यांवर नेतो, पण त्याचा मास्क पूर्ण काळा असतो. आता सगळं कौशल्य त्या मास्कमध्ये.

मास्क कुठून आणायचा? ब्रश शोधायच्या आधी खाली बघा. जो चेहरा तुम्ही झाकताय, त्यावर खरे कवडसे पडलेले आहेत. त्याच झाडाचे, त्याच घटकेचे, त्याच नाकावरून वळलेले. मिटलेले डोळे टाकाऊ असतील, कवडसे टाकाऊ नाहीत. त्या जुन्या चेहऱ्याचा लाल चॅनल उचला. त्वचेवरचे डाग, लाली, बारीक पुटकुळ्या लाल चॅनलमध्ये सगळ्यात कमी दिसतात, त्यामुळे ऊन-सावलीचा नकाशा तिथे स्वच्छ मिळतो. लेव्हल्सने काळं-पांढरं ताणा. भुवया, मिशा, नाकपुड्या काळ्या येतील. तिथे आजूबाजूचा कवडसा पाहून हाताने भरा. मग हा मास्क नव्या चेहऱ्यावर वॉर्पने बसवा: जुन्या नाकाचं टोक नव्या नाकाच्या टोकावर, हनुवटी हनुवटीवर. दोन फ्रेममध्ये मान फारशी वळलेली नसेल तर एवढ्याने बरंच काम होतं. आणि कानावरून गालावर आलेला कवडसा जबड्याच्या रेषेवर तुटत नाही. माझी नजर तरी सगळ्यात आधी तिथेच जाते.

कधी जुना चेहरा हातामागे गेलेला असतो, किंवा पार खाली झुकलेला. मग कवडसे आपल्याला घडवावे लागतात, आणि इथे थोडं गणित कामी येतं. झाडाखालचे कवडसे गोलसर असतात, पानांमधली फट वाकडीतिकडी असली तरीही. कारण लहान फटीतून जमिनीवर पडते ती सूर्याची प्रतिमा. 26 डिसेंबर 2019च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण होतं, तेव्हा झाडाखालचे कवडसे कोरीच्या आकाराचे झाले होते; तुमच्यापैकी काहींकडे ते फोटो असतील. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यावरून हिशेब असा, की फटीपासून चेहऱ्यापर्यंत जितकं अंतर, त्याला 108ने भागायचं. पानं 3 मीटर वर असतील तर कवडसा किमान पावणेतीन सेंटिमीटरचा, आणि सावलीचा काठही तेवढाच पसरट. चेहऱ्याची रुंदी 14 सेंटिमीटर धरली तर लहानात लहान कवडसा तिच्या एक-पंचमांश. तयार ब्रशमध्ये पानांच्या शिरा आणि टोकं स्पष्ट दिसतात ती म्हणूनच खोटी वाटतात. एवढी रेखीव सावली पडायला पान नाकाशी यावं लागेल.

ब्लर किती द्यायचा, तेही यातूनच निघतं. चेहरा 420 पिक्सेल रुंद असेल तर एका सेंटिमीटरला 30 पिक्सेल, म्हणजे काठ सुमारे 84 पिक्सेलचा. पण गॉशियन ब्लरच्या खिडकीत 84 टाकू नका. तिथला रेडियस काठाच्या साधारण पाव हवा, म्हणजे 20-21. सूर्य तिरपा असला की कवडसे लांबट होतात, आणि सगळे एकाच दिशेला लांबतात. शेजाऱ्याच्या खांद्यावरचा कवडसा ज्या कोनात कललाय, तोच कोन ठेवा.

मास्क बसला तरी ऊन अजून सपाटच असतं. त्याला उतार द्यायचा. सूर्य डावीकडून वर असेल तर त्याच्याकडे तोंड केलेल्या गालाच्या हाडावर कवडसा पूर्ण तेजात, नाकाच्या उजव्या कुशीला शून्य. मधल्या उतारावर मास्क मऊ ब्रशने राखाडी करत न्या. नाकाचीही सावली ओठावर पडते, पण कवडसा नाकावर आलेला असेल तरच. पूर्ण सावलीतल्या नाकाची सावली रंगवणारे मी पाहिलेत. आणि शेवटी कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर त्वचेच्या तेलकटपणाची बारीक चमक, फक्त कवडशाच्या आत. व्हरांड्यातल्या चेहऱ्यावर ती नसते आणि कर्व्ह्ज तिला जन्म देऊ शकत नाही, ती हातानेच घालावी लागते.

आता टोपी. क्रिकेटच्या टीमचा फोटो, सगळ्यांच्या डोक्याला कॅप, चेहरा आणायचा ड्रेसिंग रूममधून. इथे तोच 108चा हिशेब उलटा वागतो. कॅपची पुढे आलेली कड आणि गाल यांच्यात प्रकाशाची वाट जेमतेम 10 सेंटिमीटर. काठ एक मिलिमीटरही भरत नाही. आपल्या 420 पिक्सेलच्या चेहऱ्यावर तो तीनेक पिक्सेल. म्हणजे झाडाची सावली जेवढी मऊ, तेवढी टोपीची कडक. दोन्ही एकाच फोटोत असतील तर दोन वेगळे मास्क करा, एकच ब्लर दोघांना लावू नका.

सावली कुठवर येईल, तेही मोजता येतं. कड कपाळापासून 7 सेंटिमीटर पुढे, आणि सूर्य समोर 45 अंशांवर असेल तर कडेखालचे सुमारे 7 सेंटिमीटर झाकले जातात, म्हणजे डोळे आणि अर्धं नाक. 60 अंशांवर 12 सेंटिमीटर, ओठांच्या आसपास. मे महिन्यातल्या भर दुपारी अख्खा चेहरा सावलीत जातो आणि प्रश्नच मिटतो. ती रेषा मात्र चेहऱ्यावरून सरळ जात नाही. नाक पुढे आलेलं असल्याने ते लवकर उन्हात येतं, म्हणून नाकावर सावलीची रेषा वर चढते आणि गालांवर खाली उतरते. कॅपची कड मध्यभागी जास्त पुढे असते, त्यामुळे ही कमान थोडी दबते. किती दबते ते टीममधल्या शेजारच्या खेळाडूवर बघून घ्या. त्याच सूर्याखाली, तशाच टोपीखाली, उत्तर तयार उभं असतं.

सावलीच्या आतला उजेडही एकसारखा नसतो. वरचं आकाश टोपीने झाकलेलं, म्हणून उजेड समोरून आणि खालून येतो. भुवयांपाशी सगळ्यात काळोख, खाली येताना हळूहळू उजळ, आणि नाकाच्या खालच्या बाजूला मैदानाचा रंग चढतो. लाल माती असेल तर चांगलाच. यासाठी पहिल्या कर्व्ह्जवर वरून खाली एक ग्रेडियंट पुरतो. सावलीच्या कडक काठावर त्वचा किंचित लालसरही होते, कारण प्रकाश त्वचेत शिरून थोडा आडवा पसरतो आणि त्यात लाल सगळ्यात लांब जातो. ‘ऊन’ लेयरची प्रत घ्या, तीत फक्त लाल चॅनल ठेवा, मास्क दोन-तीन पिक्सेल जास्त पसरवा आणि अपारदर्शकता अगदी कमी ठेवा. गोऱ्या त्वचेवर हे लगेच दिसतं, सावळ्या त्वचेवर कमी. कवडशांच्या बाबतीत या भानगडीत पडू नका. तिथला काठ इतका पसरट असतो की हा लालसरपणा त्यात हरवतो.

राहिले डोळे. व्हरांड्यातल्या किंवा ड्रेसिंग रूममधल्या डोळ्यांत खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब असतं. झाडाखाली खिडकी कुठून आली? टोपीखाली तर बुबुळाचा वरचा भाग काळाच हवा, कारण तिथे दिसते टोपीची आतली बाजू. ते प्रतिबिंब पुसा आणि खाली क्षितिजाची फिकट पट्टी ठेवा. कवडसा थेट डोळ्यावर येत असेल तर मात्र माझा हात थांबतो. उन्हात माणूस डोळे बारीक करतो, गाल वर ओढले जातात, डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात. लिक्विफायने पापणी खाली आणता येते, पण गाल कसा वर चढवणार? अशा वेळी मी फोटोग्राफरला फोन करतो आणि त्या माणसाची डोळे किलकिले केलेली एखादी फ्रेम आहे का विचारतो. साधारणपणे असते, तो ती खराब म्हणून बाजूला टाकून बसलेला असतो.