जास्त गेलेला पगार आणि ग्रॅच्युइटीतली वसुली

नमस्कार मंडळी. रिटायर व्हायला चार महिने राहिलेत, सेवापुस्तक पडताळणीला गेलंय, आणि तिकडून शेरा येतो की 2016 च्या वेतननिश्चितीत एक इन्क्रीमेंट जास्त लागलंय. समजा ही गोष्ट एका वरिष्ठ लिपिक बाईंची आहे. महागाई भत्ता धरून महिन्याला सरासरी दीड हजार जास्त गेले, सात वर्षांचे झाले 1 लाख 26 हजार, आणि ऑफिस म्हणतं ग्रॅच्युइटीतून कापून घेतो. बाईंनी काही लपवलं नव्हतं हो, फिक्सेशन ऑफिसनेच केलं, सहीपण साहेबांचीच.

इथे सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर 2014 चा रफिक मसीह निकाल कामाला येतो. त्यात कोर्टाने सांगितलं की क्लास थ्री आणि क्लास फोरच्या लोकांकडून अशी वसुली करता येत नाही, रिटायर झालेल्यांकडून किंवा वर्षभरात रिटायर होणाऱ्यांकडून नाही, आणि जास्तीचं पेमेंट वसुलीच्या ऑर्डरआधी पाच वर्षांहून जास्त काळ चालू असेल तरी नाही. आपल्या बाई तिन्हीत बसतात. मात्र कर्मचाऱ्यानेच खोटी माहिती देऊन पैसे घेतले असतील तर हे संरक्षण विसरा.

आता लोक इथेच गोंधळतात, त्यांना वाटतं वसुली थांबली म्हणजे चुकीचं इन्क्रीमेंटही आपलंच झालं. तसं नाही. ऑफिस पगार दुरुस्त करू शकतं आणि पेन्शन त्या दुरुस्त पगारावरच बसते, वाचतात ते फक्त आधी हातात पडलेले पैसे.

आणि खरी मेख असते हमीपत्रात. सुधारित वेतनश्रेणी घेताना आपण एका कागदावर सही करतो, जास्त गेलं तर परत करीन म्हणून, वाचतं कोण! 2016 च्या जगदेव सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अशा हमीपत्रामुळे वसुली योग्य ठरवली, फक्त ती सोयीच्या हप्त्यांत घ्या म्हटलं. पण ते जगदेव सिंग न्यायाधीश होते, क्लास थ्री नव्हते, हा फरक वकिलाला नक्की सांगा. आणि हमीपत्र कधी घेतलं, श्रेणी लागू होताना की रिटायरमेंटच्या तोंडावर, ती तारीखही बघा.

नोटीस न देता, तुमचं म्हणणं न ऐकता थेट कापलं असेल तर तोही मुद्दा आहेच. म्हणून आधी लेखी हरकत द्या, सोबत पगार चुकला त्या वर्षाच्या सेवापुस्तकाच्या पानाची झेरॉक्स लावा आणि पोच घ्या. राज्य सरकारी कर्मचारी असाल तर पुढे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं, तिथे साधारण एक वर्षाची मुदत असते, आणि जिल्हा परिषदेचे असाल तर मॅट नाही, हायकोर्ट.