कोयीतला भुंगा

[दृश्य: पाटावर पिकलेला आंबा. हात तो फिरवून दाखवतात.]

हा आंबा बाहेरून नीट पाहून घ्या. सालीवर डाग नाही, कुठे भोक नाही, दाबला तर सगळीकडे सारखा लागतो.

[आंबा चिरला जातो, कोय फोडली जाते.]

आणि आत हा बसलाय. सोंड असलेला, काळपट तपकिरी. कोयीतला भुंगा.

फळ कोवळं असताना मादी त्याच्या सालीवर अंडं घालते. अळी गरातून सरळ कोयीत शिरते, आणि फळ वाढता वाढता तिची वाट मागे भरून येते. म्हणून बागेत कितीही डोळ्यांत तेल घालून निवड केली, तरी हा हाती लागत नाही. याच्या आणि फळमाशीच्या धास्तीने अमेरिकेने भारतीय आंब्याला वर्षानुवर्षं दार बंद ठेवलं होतं. ते उघडलं एप्रिल २००७ मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या या इमारतीमुळे.

[लासलगाव. कांद्याच्या गाड्यांची रांग, मग 'कृषक' केंद्राची पाटी.]

लासलगाव म्हटलं की कांदा. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये 'कृषक' हे विकिरण केंद्र, म्हणजे मालावर गॅमा किरण सोडणारं केंद्र, इथे उभारलं तेही कांद्यासाठीच. चाळीतल्या कांद्याला कोंब फुटू नयेत, एवढंच तेव्हा साधायचं होतं. त्याला किरणांची ६० ते ९० ग्रे मात्रा पुरते. एक किलो मालात एक ज्यूल ऊर्जा मुरली की झाला एक ग्रे. मात्र काढणीनंतर काही आठवड्यांतच कांदा इथे यायला हवा. कोंब आत हलायला लागला की उपयोग नाही. आणि सडणारा कांदा सडतोच, त्यावर हा उपाय नव्हे.

आंब्याला मात्रा लागते किमान ४०० ग्रे.

[खोके वाहक पेट्यांत रचले जातात. पेटी हलते, भिंतीच्या वळणाआड दिसेनाशी होते.]

या काँक्रीटच्या जाड भिंतींआड आहे गॅमा किरण सोडणारा कोबाल्ट-६०. अणुभट्टीत साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनचा मारा करून तो तयार होतो. मग स्टेनलेस स्टीलच्या नळकांड्यांत तो दुहेरी सीलबंद करतात. अशा पेन्सिलींची चौकट काम नसताना खोल पाण्यात बुडवलेली असते. पाण्याच्या तळाशी दिसते ती ही निळी आभा.

[निळी आभा. इथे निवेदन काही क्षण थांबते.]

चौकट वर आली की आत कोणीही जाऊ शकत नाही. दार उघडायचा प्रयत्न झाला तरी ती आपोआप पाण्यात उतरते. खोके मात्र तिच्याभोवती संथपणे फिरतात, आधी एक बाजू चौकटीकडे, मग दुसरी. गॅमा किरण पुठ्ठ्यातून, सालीतून, गरातून आरपार जातात, कोयीपर्यंत.

खरी कसोटी इथे आहे. चौकटीकडे तोंड असलेल्या आंब्याला मात्रा जास्त मिळते, पेटीच्या मध्यावर असलेल्याला कमी. मधल्या आंब्याला ४०० मिळायला हवेत आणि बाहेरच्याला १००० च्या वर जाता कामा नये, कारण तिथे कायद्याची मर्यादा संपते आणि त्याआधीच साल काळवंडू शकते, फळ नीट पिकत नाही. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी पेटीत जागोजागी मात्रामापक ठेवून सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त मात्रेच्या जागा शोधतात. समजा मध्यावर ४५० आले आणि कडेला ८००, तर ती मांडणी चालते. मग रोज खोके तसेच रचायचे, एक थर इकडचा तिकडे नाही.

खोके आत ठेवायचा वेळही बदलत राहतो. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का क्षीण होतो. गेल्या हंगामाचा वेग यंदा तसाच ठेवला, तर मधला आंबा ४०० च्या खाली राहील आणि डोळ्यांना काहीच कळणार नाही.

[खोक्यावरचं रंग बदललेलं स्टिकर, मग प्रयोगशाळेत मात्रामापक वाचणारे हात.]

हे स्टिकर फक्त खोका आत जाऊन आला एवढं सांगतं. किती मात्रा बसली हे मात्रामापकच सांगतो, आणि तो वाचल्याशिवाय माल निघत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक त्यासाठीच इथे बसतो.

एक गोष्ट बहुतेकांना चकित करते. इतकं करूनही कोयीतला भुंगा जिवंत सापडू शकतो. ४०० ग्रे त्याला जागच्या जागी मारत नाहीत, त्याची वीण थांबवतात. म्हणून पलीकडे कोय फोडून तपासण्यात अर्थ नाही. पुरावा असतो तो मात्रेच्या नोंदीत.

[मापक यंत्र आधी रिकाम्या टेबलावर, मग प्रक्रिया झालेल्या आंब्याजवळ. टिकटिक तशीच.]

आता तो प्रश्न, जो मला घरीही विचारला गेला: हा आंबा खाऊन किरणोत्सर्ग पोटात जाईल का?

ही टिकटिक ऐका. टेबल रिकामं असतानाही ती होती, कारण माती, भिंती, आकाश यांतून थोडे किरण सतत येतच असतात. आंबा ठेवल्यावर ती वाढली नाही.

कोबाल्ट आंब्याला कुठेही शिवलेला नाही. तो पोलादात बंद आहे. पोहोचले ते फक्त किरण, आणि किरण म्हणजे ऊर्जा. ती मुरते, संपते. एखादा स्थिर अणू किरणोत्सर्गी करायचा तर त्याच्या गाभ्यातून न्यूट्रॉन उखडावा लागतो. सगळ्यांत सैल न्यूट्रॉन आहे बेरिलियमचा, आणि त्यालाही १.६७ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. आंब्यातल्या कार्बनला आणि ऑक्सिजनला १५ च्या वर. कोबाल्ट-६० चे किरण येतात १.१७ आणि १.३३ चे. मात्रा कितीही वाढवली, तरी किरणांची संख्या वाढते, एकेका किरणाचं बळ वाढत नाही. दगड उंबरठा ओलांडायला हवा आणि तो उंबरठ्याच्या खालीच पडतोय. मग शंभर फेका नाहीतर लाख.

उन्हात वाळवलेला पापड रात्री प्रकाश देत नाही, तसंच हे.

मुरलेली ऊर्जाही किती, तर ४०० ग्रेने आंबा सेल्सिअसच्या एक दशांश अंशाने तापतो. पेशीतल्या डीएनएचे धागे तोडायला मात्र ती पुरेशी असते.

[तुर्भे. बंद खोक्यांत सिरिंज, टाके घालायचे धागे, हातमोजे.]

हाच कोबाल्ट मुंबईत तुर्भ्याच्या 'आयसोमेड' केंद्रात १९७४ पासून रुग्णालयांचं सामान निर्जंतुक करतो. इथली रूढ मात्रा २५ हजार ग्रे. कीटकाला शेकडो ग्रे पुरतात, मसाल्यातल्या जंतूंना साधारण ६ ते १४ हजार, पण काही जिवाणूंचे बीजाणू फार चिवट. आणि अट अशी की दहा लाख वस्तूंमागे फार तर एकीवर जिवंत जंतू उरण्याची शक्यता असावी. सिरिंज आधी पाकिटात बंद होते, पाकीट खोक्यात, आणि मगच किरण. म्हणून ते पाकीट पहिल्यांदा उघडतं ते थेट रुग्णाजवळ. सगळ्या वस्तूंना हे चालत नाही. टेफ्लॉन ठिसूळ होतं, काही पीव्हीसी पिवळं पडतं. पण या सिरिंजमध्येही किरणोत्सर्ग उरत नाही. कारण तेच, १.३३.

[लासलगाव, संध्याकाळ. शीतवाहनात खोके चढतात. लेबलवरचं हिरवं चिन्ह जवळून.]

बागायतदाराला यातून बाजार मिळाला. विमानभाड्यामुळे आंबा महाग पडतो, हेही खरं.

गोलातलं हे हिरवं रोपटं म्हणजे विकिरण केल्याची खूण. आज रात्री हे खोके मुंबईच्या विमानतळाकडे निघतील. उद्या पहाटे कोकणातून पुढची गाडी येईल, आणि रचणारे पुन्हा तोच थर, त्याच जागी लावतील.